अर्जाची भाषा : एका मध्यम पायरीवरील विद्यार्थिनीच्या पत्राची चिकित्सा

परभाषा शिकणाऱ्याच्या लेखनात दोन प्रकारचे दोष आढळतात. पहिल्या प्रकारचे दोष वाचकाच्या तत्काळ ध्यानी येतात आणि तितक्याच तत्काळ ते क्षम्यही ठरतात. लिंग चुकले, वचन चुकले, विभक्तीचा प्रत्यय भलत्याच ठिकाणी लागला, की वाचक मनातल्या मनात दुरुस्ती करून पुढे जातो; लिहिणाऱ्याची ही मातृभाषा नव्हे, एवढीच नोंद तो करतो. दुसऱ्या प्रकारचे दोष याहून वेगळे असतात. तेथे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते, शब्द ओळखीचे असतात, आणि तरीही वाचकाच्या कपाळी आठी पडते. भाषा चुकली असे त्याला वाटत नाही. लिहिणारा माणूसच उद्धट, लाघवी किंवा पोरकट आहे असे वाटते. जेनी टॉमस यांनी 1983 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात हा भेद स्पष्टपणे मांडला आहे. व्याकरणाची चूक भाषेच्या अपुऱ्या ज्ञानाच्या खाती जमा होते. व्यवहाराची चूक मात्र बोलणाऱ्याच्या स्वभावाच्या खाती जमा होते, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल.

यातून निघणारा निष्कर्ष भाषाशिक्षकाला अस्वस्थ करणारा आहे. विद्यार्थ्याचे व्याकरण जसजसे सुधारत जाते, तसतशी दुसऱ्या प्रकारच्या दोषांची किंमत वाढत जाते. नवशिक्याला सर्व काही माफ असते. मध्यम पायरीवरील विद्यार्थ्याची वाक्ये बऱ्यापैकी नीट उतरू लागलेली असतात. त्यामुळे जे काही त्याने लिहिले ते त्याला तसेच म्हणावयाचे होते, असे वाचक गृहीत धरतो. नोकरीच्या अर्जात तर या गृहीताचा परिणाम लगेच भोगावा लागतो, कारण अर्ज वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याविषयी त्या कागदाखेरीज दुसरे काहीच ठाऊक नसते.

प्रस्तुत विवेचनासाठी असेच एक पत्र घेतले आहे. लेखिकेची मातृभाषा हिंदी असून मराठीच्या अभ्यासक्रमाची प्राथमिक पायरी तिने ओलांडली आहे. एका सार्वजनिक वाचनालयातील सहायक ग्रंथपालाच्या जागेसाठी हा अर्ज आहे. पत्र जसेच्या तसे पुढे दिले आहे.

सेवा मध्ये,
माननीय अध्यक्ष महोदय जी,
सप्रेम नमस्कार.

विषय : सहायक ग्रंथपाल पदासाठी अर्ज.

मी तुमची जाहिरात वाचली आणि मला फार आनंद झाला. मी ग्रंथालयशास्त्राची शिक्षा घेतली आहे आणि दोन वर्ष एका शाळेच्या ग्रंथालयात काम केला आहे. तिथे तीन हजार पुस्तकांची नवी यादी मी एकटीने बनवली. मुलं दुपारच्या सुट्टीत यायची, म्हणून मी माझी जेवणाची वेळ बदलून घेतली.

मला ही नोकरी पाहिजे. तुम्ही मला मुलाखतीला बोलवा. मी चांगलं काम करण्याची पूर्ण चेष्टा करीन. कोणत्याही पाळीत काम करण्यात मला आपत्ती नाही. माझी मराठी अजून थोडी कच्ची आहे, पण मी रोज वाचते.

अर्जासोबत प्रमाणपत्रांच्या प्रती जोडण्यात येत आहेत. आपल्या चरणी विनंती आहे की माझ्यावर कृपा करावी. लवकर उत्तर द्या.

तुमची आज्ञाकारी,

या पत्रावर तांबडी शाई फिरवावयाची तर पहिली रेघ ‘काम केला आहे’ या शब्दांखाली ओढली जाईल. ‘काम’ हा शब्द हिंदीत पुल्लिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. हिंदीतील लिंग येथे मराठीत उतरले आहे. दुसरी रेघ ‘दोन वर्ष’ या अनेकवचनाच्या चुकीखाली येईल. व्याकरणाच्या निखळ म्हणाव्या अशा चुका जवळजवळ येथेच संपतात. सुमारे शंभर शब्दांच्या मजकुरात एवढ्याच चुका असणे ही या पायरीवर प्रगतीची खूण होय. तथापि वाचनालयाच्या अध्यक्षांसमोर हे पत्र ठेवले तर त्यांना खटकणारी वाक्ये ही नव्हेत. त्यांना खटकेल ते ‘तुम्ही मला मुलाखतीला बोलवा’ हे वाक्य, आणि त्यात व्याकरणाचा दोष शोधूनही सापडणार नाही.

हॅलिडे, मॅकिन्टॉश आणि स्ट्रेव्हन्स यांनी 1964 साली भाषाशिक्षणासंबंधीच्या आपल्या ग्रंथात ‘रजिस्टर’ ही संकल्पना मांडली. मराठीत तिला ‘प्रयुक्ती’ असे म्हणतात. एकच माणूस विषयानुसार, माध्यमानुसार आणि समोरच्या व्यक्तीशी असलेल्या नात्यानुसार भाषेची निरनिराळी रूपे वापरतो, हे तिचे मूळ सूत्र आहे. प्रस्तुत पत्राचा विषय चुकलेला नाही. माध्यमाबाबत थोडी गफलत आहे. ‘मुलं’, ‘चांगलं’ ही अनुस्वारयुक्त रूपे बोलण्यातील असून औपचारिक लेखनात ‘मुले’, ‘चांगले’ अशी एकारान्त रूपे योजण्याचा संकेत आहे. परंतु खरी अडचण तिसऱ्या घटकाची, म्हणजे नात्याची आहे. नोकरी मागणारा आणि ती देणारा यांच्यामधील अंतर मराठी कोणत्या साधनांनी मोजते, हे लेखिकेला ठाऊक नाही. त्यातील प्रमुख साधने दोन : सर्वनाम आणि क्रियापदाचा अर्थ.

सर्वनामापासून आरंभ करणे सोयीचे होईल. हिंदीत द्वितीय पुरुषाच्या तीन पायऱ्या आहेत : तू, तुम, आप. मराठीतही तीनच : तू, तुम्ही, आपण. वरवर पाहता दोन शिड्या सारख्याच दिसतात. परंतु त्यांच्या पायऱ्या एकाच उंचीवर नाहीत. अपरिचित माणूस, दुकानदार, शिक्षक, शेजारचे वृद्ध गृहस्थ या सर्वांना हिंदी भाषक ‘आप’ म्हणतो आणि मराठी भाषक ‘तुम्ही’ म्हणतो. म्हणून प्राथमिक पाठात ‘आप’ म्हणजे ‘तुम्ही’ असे समीकरण विद्यार्थ्याला मिळते, आणि रोजच्या व्यवहारापुरते ते खरेही असते. मात्र ‘आप’ ही हिंदीच्या शिडीची शेवटची पायरी आहे. तिच्यावर चढलेल्याला आणखी वर काही असेल अशी शंकाही येत नाही. मराठीत ‘तुम्ही’च्या वर ‘आपण’ शिल्लक राहते. लेखिकेने ‘तुम्ही’ लिहिले तेव्हा तिच्या समजुतीप्रमाणे तिने शक्य तितका आदर दाखविलेला आहे. वाचकाच्या दृष्टीने मात्र ती एक पायरी खाली उभी आहे.

ब्राउन आणि गिल्मन यांनी 1960 साली युरोपीय भाषांतील सर्वनामांचा अभ्यास करून सत्ता आणि जवळीक ही दोन तत्त्वे त्यांच्यामागे कार्य करीत असल्याचे दाखविले. त्या परिभाषेत सांगावयाचे तर ‘तुम्ही’ हे सर्वनाम मराठीत आदरही दाखविते आणि काही प्रमाणात परिचयही गृहीत धरते. ‘आपण’ परिचय गृहीत धरीत नाही. अर्जासारख्या लेखनात लेखक व वाचक परस्परांना अनोळखी असतात, तेव्हा तेथे हवे असते ते परिचयाचा दावा न करणारे सर्वनाम. लेखिकेला ‘आपण’ हे सर्वनाम अजिबात अपरिचित आहे असेही नाही. ‘आपल्या चरणी’ या शब्दांत ते आलेच आहे. परंतु त्यापूर्वी ‘तुमची जाहिरात’ आणि त्यानंतर ‘तुमची आज्ञाकारी’ असे येते. ‘आपल्या’ हे तिने संबोधनाची निवड म्हणून वापरलेले नाही. ‘चरणी’ या शब्दाला चिकटून ते तयार साच्यासारखे आले आहे.

क्रियापदाच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक स्पष्टपणे दिसते. हिंदीतील ‘बुलाइए’ या रूपात आदर अंगभूत आहे. मराठीत त्याच्या जागी शिकविले जाते ते ‘बोलवा’, म्हणजे ‘तुम्ही’चे आज्ञार्थी रूप. आज्ञार्थ ही आज्ञाच राहते. अनेकवचनाने तिची धार थोडी बोथट होते इतकेच. मराठीत विनंतीचे खरे वाहन आज्ञार्थ नसून विध्यर्थ आहे. ‘बोलवावे’, ‘द्यावे’, ‘व्हावा’, ‘मिळावी’ ही त्याची रूपे. मराठी व्याकरणकारांनी विध्यर्थाखाली कर्तव्य, इच्छा, शक्यता असे अनेक अर्थ नोंदविले आहेत. विनंतीचा अर्थ या इच्छेतूनच फुटलेला आहे. एखाद्याने अमुक करावे अशी इच्छा व्यक्त करणे आणि त्याला अमुक कर असे सांगणे, यांतील अंतर तेच या रूपांमधील अंतर होय.

लेखिकेची एकच मागणी क्रमाने चढवीत नेली तर हे अंतर मोजता येते. ‘तुम्ही मला मुलाखतीला बोलवा’ येथे आज्ञा आहे आणि ज्याला ती करावयाची तो डोळ्यांसमोर उभा आहे. ‘आपण मला मुलाखतीस बोलवावे’ येथे आज्ञेची इच्छा झाली. पण कर्ता अजून वाक्यात आहे, म्हणजे कोणी काय करावयाचे हे सांगितलेलेच आहे. ‘मुलाखतीची संधी मिळावी’ या तिसऱ्या वाक्यात देणारा दिसेनासा झाला. ‘मिळणे’ हे अकर्मक क्रियापद असल्याने वाक्याचा कर्ता ‘संधी’ होतो. जिच्याविषयी इच्छा व्यक्त करावयाची ती घटना, व्यक्ती नव्हे. वाचकाला काही करावयास सांगितल्याचा भार त्याच्यावर पडत नाही. अर्जाच्या शेवटी मराठीत ‘विचार व्हावा’, ‘संधी मिळावी’ अशी अकर्मक विध्यर्थी रूपे येतात. ती केवळ परंपरेची पुनरावृत्ती नव्हे. त्यांच्या वाक्यरचनेतच विनयाची योजना आहे. ‘मला ही नोकरी पाहिजे’ या वाक्यालाही हाच न्याय लागू होतो. ‘पाहिजे’ने गरज सांगितली जाते, आणि दुकानात ती सांगणे योग्यच, देणाऱ्याला निवड करावयाची असते तेथे गरज सांगणे म्हणजे त्याची निवड आधीच उरकून टाकणे होय.

येथे एक आक्षेप घेता येईल. विध्यर्थ लेखिकेला शिकविलाच गेला नसेल तर दोष तिचा कसा? परंतु पत्रात ‘माझ्यावर कृपा करावी’ हे वाक्य आहे, आणि त्यातील ‘करावी’ हे बिनचूक विध्यर्थी रूप आहे. म्हणजे रूप ठाऊक आहे. ते कोठे वापरावयाचे हे ठाऊक नाही. तिच्या मनात विध्यर्थाची सांगड प्रार्थनेशी बसली आहे. नित्याच्या विनंतीशी बसलेली नाही. पुढच्याच वाक्यात ती ‘लवकर उत्तर द्या’ असे लिहून मोकळी होते, याचे कारण हेच. ‘चरणी’ आणि ‘द्या’ यांच्यामध्ये जो मधला प्रदेश आहे, ज्यात मराठीचा बहुतेक औपचारिक व्यवहार चालतो, तो तिच्या नकाशावर कोरा आहे. तिला विनय नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्याजवळ विनयाची फक्त दोन टोके आहेत.

या टोकांपैकी ‘चरणी’ आणि ‘आज्ञाकारी’ हे टोक कोठून आले याचाही विचार करावयास हवा. ‘सेवा मध्ये’ हे हिंदी अर्जाच्या आरंभीच्या ‘सेवा में’ या शब्दांचे शब्दशः रूपांतर आहे. मराठीत त्या जागी ‘प्रति’ येते. ‘महोदय’ला जोडलेला ‘जी’ही हिंदीचाच. शाळेत मुख्याध्यापकांकडे रजा मागण्यासाठी जो अर्ज घोटवून घेतला जातो, त्याचा सांगाडा येथे नोकरीच्या अर्जाला वापरलेला आहे. मराठीही या परंपरेला परकी नाही. ‘अर्ज’ हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि वरिष्ठापुढे केलेली विज्ञापना असाच त्याचा मूळ अर्थ आहे. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ या मायन्यातील साष्टांग नमस्कार एके काळी केवळ शब्दांचा नव्हता. विजय भाटिया यांनी 1989 साली दक्षिण आशियातील नोकरीच्या इंग्रजी अर्जांविषयी लिहिताना या प्रदेशातील अर्जांचे स्वतंत्र वळण दाखवून दिले. लेखिकेने मराठीत लिहिताना चुकीची संस्कृती आणलेली नाही. त्याच संस्कृतीचा एक जुना थर आणला आहे, जो आजच्या मराठी अर्जाने मागे टाकला आहे. आज ‘आपल्या चरणी’ वाचणाऱ्या अध्यक्षांना मान मिळाल्याचे समाधान न होता संकोच वाटेल.

‘सप्रेम नमस्कार’ याची चूक उलट दिशेची आहे. तो बरोबरीच्या, ओळखीच्या माणसाला लिहावयाचा मायना. वडीलधाऱ्यांना ‘साष्टांग’, बरोबरीच्यांना ‘सप्रेम’, लहानांना ‘आशीर्वाद’ अशी ही वाटणी आहे. अनोळखी पदाधिकाऱ्याशी यांपैकी कोणतेच नाते नसते, म्हणून अर्जात ‘महोदय’ एवढे एकच संबोधन पुरते.

शब्दयोजनेकडे वळले असता अधिक कुतूहलाचा प्रकार आढळतो. ‘शिक्षा घेतली आहे’, ‘चेष्टा करीन’, ‘आपत्ती नाही’ हे तीन प्रयोग वाचून मराठी वाचक हसल्याशिवाय राहणार नाही. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदीत ‘आपत्ति’ म्हणजे आक्षेपही होतो, मराठीत संकट. ग्रंथालयशास्त्राची शिक्षा भोगलेली ही उमेदवार वाचनालयाची पूर्ण चेष्टा करण्याचे आश्वासन देत आहे, असा अर्थ होतो. हे तीनही शब्द संस्कृतातून आलेले आहेत आणि दोन्ही भाषांत त्यांचे अर्थ वेगवेगळ्या वाटांनी गेले आहेत, एवढे सांगून प्रकरण मिटविता येण्यासारखे आहे. पण मग एक प्रश्न उरतो. ‘मी शिकले’, ‘प्रयत्न करीन’ हे सोपे शब्द या पायरीवरील विद्यार्थिनीला येत नसतील हे संभवत नाही. ‘प्रयत्न’ तर हिंदीतही त्याच अर्थाने आहे. मग तिने ते टाळले का?

याचे उत्तर प्रयुक्तीतच सापडते. आजच्या औपचारिक हिंदीची उंची बहुतांशी संस्कृत शब्दांवर उभी आहे. अर्ज लिहावयाचा म्हणून लेखिकेने उंच शब्द शोधले आणि ते संस्कृतात शोधले. मराठी अर्जाची शब्दसंपत्ती मात्र फार वेगळ्या मातीतली आहे. अर्ज, जाहिरात, नोकरी, मुलाखत, दाखला, हजर, रुजू, हरकत हे अरबी-फारसी मूळ असलेले शब्द शेकडो वर्षांच्या दप्तरी व्यवहारातून मराठीत मुरले आहेत. शिवछत्रपतींच्या काळी सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी राजकीय शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले, आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालयाने प्रशासनासाठी संस्कृतनिष्ठ परिभाषा मोठ्या प्रमाणावर घडविली. तरीही ‘अर्ज’ अर्जच राहिला. मराठीत ‘कामावर रुजू होणे’ हे बोलीभाषेचे वाक्य नव्हे, ते पुरेसे औपचारिक आहे.

‘आपत्ती’ऐवजी हवा होता तो ‘हरकत’ हा शब्द. लेखिकेच्या दृष्टीने त्याच्यावर आणखी एक काटा आहे. हिंदीत ‘हरकत’ म्हणजे कृती, आणि बहुधा वाईट किंवा खोडकर कृती. ‘माझी हरकत नाही’ हे अत्यंत साधे मराठी वाक्य हिंदी भाषकाला अर्जात लिहिण्यास धजवत नाही, कारण त्याच्या कानाला ते आपल्या वर्तनाविषयीची ग्वाही वाटते. हसू आणणारी चूक ही अशा रीतीने अज्ञानातून कमी आणि सावधगिरीतून अधिक जन्मलेली आहे. शिक्षकाने येथे केवळ शब्द खोडून दुसरा लिहिला तर विद्यार्थिनीला एक शब्द मिळेल. मराठीत औपचारिकता संस्कृताशी समानार्थक नाही हे सांगितले तर तिला एक वाट मिळेल.

‘प्रती जोडण्यात येत आहेत’ हे वाक्य तिसऱ्याच ठिकाणाहून आलेले आहे. ‘कळविण्यात येते’, ‘आदेश देण्यात येत आहे’ ही शासकीय पत्रव्यवहाराची रचना असून तिचे प्रयोजन कर्त्याला लपविणे हे असते. आदेश कोण्या एका माणसाचा नसून कार्यालयाचा आहे, असे ती सुचविते. सूचनाफलक आणि परिपत्रके वाचून मराठी शिकणाऱ्यांना ही रचना लवकर अवगत होते. अर्जदाराने विनंतीच्या वाक्यात ती वापरली, ‘विचार करण्यात यावा’ असे लिहिले, तर ते रूढ आहे आणि खटकत नाही. तेथे लपतो तो कार्यालयातील कर्ता. परंतु प्रती जोडणारी स्वतः अर्जदार आहे. आपल्याच टाचणीला तिने कार्यालयाचा स्वर दिला आहे. ‘जोडल्या आहेत’ एवढे पुरेसे होते.

एका परिच्छेदात कार्यालयाचा आदेश, भक्ताची प्रार्थना आणि घरगुती तगादा हे तीन स्वर लागोपाठ येतात : ‘जोडण्यात येत आहेत’, ‘आपल्या चरणी’, ‘लवकर उत्तर द्या’. त्यांपैकी कोणताही एक स्वर संपूर्ण पत्रभर राहिला असता तर वाचकाने तो लेखिकेचा स्वभाव म्हणून स्वीकारला असता. खटकते ते त्यांचे एकमेकांशेजारी असणे.

आता दुरुस्तीचा प्रश्न. शिक्षकाच्या हाती असे पत्र आले म्हणजे ते रूढ साच्यात ओतून परत देण्याचा मोह स्वाभाविक असतो. त्या साच्यात मधला मजकूर ‘मला ग्रंथालयीन कामकाजाचा दोन वर्षांचा अनुभव असून मी माझी कर्तव्ये प्रामाणिकपणे पार पाडली आहेत’ असा होईल. भाषा निर्दोष होईल; पण पत्रातील सर्वोत्तम दोन वाक्ये नाहीशी होतील. तीन हजार पुस्तकांची यादी एकटीने केली आणि मुलांच्या सुट्टीसाठी आपली जेवणाची वेळ बदलली, या दोन गोष्टींतून अध्यक्षांना उमेदवाराविषयी जे कळते ते ‘प्रामाणिकपणे’ या क्रियाविशेषणातून कधीच कळणार नाही. ही वाक्ये चांगली उतरली, कारण त्यांत वाचकाला उद्देशून काहीच नाही. नात्याचा प्रश्न बाजूला पडताच लेखिकेची मराठी सरळ चालू लागते. पत्रातील दोषांचे निदान जसे या वाक्यांनी पक्के होते, तशी दुरुस्तीची मर्यादाही त्यांनीच आखून दिली आहे. जेथे वाचकाशी संबंध येतो तेथे हात घालावा. जेथे लेखिका आपल्या कामाविषयी बोलते तेथे लेखनाचे संकेत पाळण्यापुरताच बदल करावा. या मर्यादेत राहून पत्र पुढीलप्रमाणे होईल.

प्रति,
मा. अध्यक्ष,
सार्वजनिक वाचनालय.

विषय : सहायक ग्रंथपाल पदासाठी अर्ज.

महोदय,

आपल्या वाचनालयाच्या जाहिरातीस अनुसरून सहायक ग्रंथपाल या पदासाठी मी हा अर्ज करीत आहे. ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण मी घेतले असून एका शाळेच्या ग्रंथालयात दोन वर्षे काम केले आहे. तेथे तीन हजार पुस्तकांची नवी यादी मी एकटीने तयार केली. मुले दुपारच्या सुट्टीत येत, म्हणून मी माझी जेवणाची वेळ बदलून घेतली.

कोणत्याही पाळीत काम करण्यास माझी हरकत नाही. मराठी ही माझी मातृभाषा नाही. मराठीचे वाचन मी रोज करते.

सोबत प्रमाणपत्रांच्या प्रती जोडल्या आहेत. माझ्या अर्जाचा विचार व्हावा व मुलाखतीची संधी मिळावी, ही विनंती.

आपली विश्वासू,

मूळ पत्रातून येथे चार वाक्ये गळली आहेत. जाहिरात वाचून झालेला आनंद खरा असेल, पण तो मित्राला कळवावयाचा. नोकरीची गरज आणि उत्तराची घाई ‘संधी मिळावी’ या शब्दांत सामावली. चांगले काम करण्याचे आश्वासन मात्र निव्वळ अनावश्यक म्हणून वगळले. यादीच्या वाक्याने ते आधीच दिलेले आहे. ‘माझी मराठी थोडी कच्ची आहे’ या वाक्याबाबत मतभेद संभवतो. ते प्रांजळ आहे, आणि प्रांजळपणा वगळणे योग्य नव्हे. मात्र ‘कच्ची’ हा शब्द परीक्षकाचा निकाल आहे आणि उमेदवाराने तो स्वतःवर उच्चारण्याचे कारण नाही. वस्तुस्थिती सांगितली म्हणजे पुरे. निकाल वाचणाऱ्याने द्यावा.

या चिकित्सेच्या मर्यादाही नमूद करावयास हव्यात. येथे मोजलेले अंतर सार्वजनिक संस्थेच्या पदाधिकाऱ्याशी असलेले अंतर आहे. लहान प्रकाशनसंस्थेच्या संपादकाला, प्रत्यक्ष भेट झाल्यानंतर लिहिलेल्या पत्रात ‘तुम्ही’ खपून जाईल. किंबहुना तेथे ‘आपण’ दुरावा निर्माण करील. ‘आपली विश्वासू’ हा समारोप इंग्रजी पत्रलेखनाच्या वळणाने रूढ झालेला असून काहींना तो आजही उपरा वाटतो. ते ‘आपली नम्र’ असे लिहितात. यांपैकी कोणताही निर्णय नियम पाठ करून घेता येत नाही. प्रत्येक वेळी अंतराचा अंदाज बांधावा लागतो.

म्हणूनच अभ्यासक्रमात अर्जाचा नमुना घोटवून घेण्यापूर्वी या अंदाजाचा सराव यावयास हवा. एखादी साधी मागणी, उदाहरणार्थ पुस्तक परत करण्यास आठ दिवसांची मुदत, विद्यार्थ्याने मैत्रिणीकडे, शेजारच्या काकूंकडे, ग्रंथपालांकडे आणि संस्थेच्या अध्यक्षांकडे अशी चार वेळा मागावी. ‘दे ना’, ‘द्या’, ‘द्यावी’, ‘मिळावी’ ही रूपे त्यातून आपापल्या जागी बसतात, आणि प्रत्येक रूपाबरोबर सर्वनामही हलते. लिंगाच्या चुका वाचनाने कालांतराने कमी होतात. ‘बोलवा’ आणि ‘संधी मिळावी’ यांतील फरक मात्र असा आपोआप कळत नाही, कारण ज्याला तो खटकतो तो वाचक चूक दाखवून देत नाही. तो पत्राला उत्तर देत नाही, एवढेच.